बारा बुधवार, दुपारी दोन ते सहा: आईची शुश्रूषा करणाऱ्या मैत्रिणीला द्यायची भेट

जिची आई किंवा वडील अंथरुणाला खिळलेले आहेत आणि जी चोवीस तास त्यांच्याजवळ आहे, अशा मैत्रिणीसाठी आपण बहुधा फळे नेतो, शाल नेतो, किंवा पार्लरचे कूपन देतो. त्यांपैकी फळे चिरायचे काम तिच्याच वाट्याला येते, आणि पार्लरच्या कूपनासाठी घराबाहेर जे तीन तास लागतात, नेमके तेच तिच्याजवळ नसतात. म्हणून या लेखात एकाच भेटीविषयी सविस्तर लिहिले आहे: ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, तिच्या आईजवळ तुम्ही स्वतः बसायचे आणि तिने निर्धास्तपणे बाहेर जायचे. ही भेट देणे ऐकायला सोपे वाटते. परंतु पूर्वतयारी न करता दिली, तर मैत्रीण बाहेर जातच नाही, आणि गेली तरी तिचे मन घरातच राहते.

मी ठाण्यातल्या नौपाड्यात राहते आणि माझी मैत्रीण नेरूळला. तिच्या आईला, म्हणजे काकूंना, पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू लुळी आहे आणि वाचा जवळजवळ गेली आहे. त्यांना समजते बरेच, पण शब्द सापडत नाहीत. भाऊ परगावी असतो. सकाळी स्पंजिंग आणि कपडे बदलण्यासाठी दोन तास एक मावशी येतात. उरलेले बावीस तास मैत्रीण एकटी. गेल्या वर्षी तिच्या वाढदिवसाला मी तिला एक कार्ड दिले आणि त्यात जूनच्या पहिल्या बुधवारपासून पुढच्या बारा बुधवारांच्या तारखा लिहून खाली एवढेच लिहिले: «दुपारी दोन ते सहा मी काकूंजवळ आहे. तू घरी थांबायचे नाहीस.» पुढे जे सांगते आहे, ते त्या बारा बुधवारांत मी शिकले ते आहे.

तारखा लिहून द्या

«काही लागले तर सांग» या वाक्याने मदतीचा भार उलट तिच्यावरच पडतो. काय मागायचे, कोणाकडे, केव्हा, आणि नकार आला तर काय, हे सगळे तिनेच ठरवायचे असते. आणि थकलेला माणूस ते ठरवण्याऐवजी काही मागतच नाही. तारखा लिहून दिल्या की मागण्याची गरज उरत नाही. मी बारा ही संख्या अशासाठी निवडली की मला ती नक्की पाळता येणार होती. तुम्हाला चारच जमणार असतील तर चार लिहा. सहा लिहून तीन पाळण्यापेक्षा ते फार बरे, कारण ऐन वेळी रद्द झालेली दुपार तिला न मिळालेल्या दुपारीपेक्षा अधिक लागते. त्या दिवसासाठी तिने दंतवैद्याची किंवा बँकेची वेळ घेतलेली असते.

वार निवडताना प्रवासाचाही विचार करावा. ठाण्याहून नेरूळ ट्रान्स हार्बरने सुमारे अर्ध्या तासावर आहे, परंतु रविवारी बऱ्याचदा मेगाब्लॉक असतो, आणि बँका व बरेचसे दवाखाने त्या दिवशी बंद असल्याने तिची कामेही होत नाहीत. मधला वार दोघींना सोयीचा. पावसाळ्यात गाड्या थांबल्या तर काय, हेही आधीच ठरवावे. आमच्या बाबतीत सीवूड्सला राहणारी एक सामायिक मैत्रीण राखीव होती, आणि खाली सांगितलेल्या दोन शिकाऊ भेटींपैकी एकीला तीही हजर होती. जुलैमधल्या एका बुधवारी रुळांवर पाणी आले तेव्हा तीच रिक्षाने गेली.

वेळ कोणती, हे मात्र मैत्रिणीला विचारूनच ठरवा आणि दिवसातला असा तुकडा घ्या ज्यात औषधे सर्वांत कमी असतात. काकूंची दुपारची गोळी दीड वाजता आणि पुढची रात्री आठला होती. त्यामुळे दोन ते सहा या वेळेत माझ्या हातून औषध देण्याचा प्रश्नच येत नव्हता, आणि औषधाची चूक होण्याची भीती आम्हा दोघींच्याही मनातून गेली.

पहिल्या दोन भेटी शिकण्यासाठी

पहिल्या दोन बुधवारी मैत्रीण घरातच होती. या भेटी वाया गेल्या असे समजू नका. पुढच्या दहा दुपारी त्यांच्यावरच उभ्या राहतात. पहिल्या दिवशी ती करते ते फक्त पाहा, दुसऱ्या दिवशी ते तिच्यासमोर स्वतः करा. मला मुख्यतः तीन गोष्टी शिकाव्या लागल्या: कूस बदलणे, भरवणे आणि बोलणे.

कूस बदलण्याचे काम ताकदीपेक्षा युक्तीचे आहे. एका जागी सतत दाब पडला की तिथल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो आणि बेडसोअर होतो, म्हणून अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलतात. काकूंच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत एक दुहेरी घडी केलेली चादर कायम अंथरलेली असते. रुग्णाला न ओढता ती चादर धरून सरकवायचे असते, कारण कातडी गादीवर घासली की तीही सोलवटते. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन साधारण तीस अंश तिरके ठेवले की खुब्याच्या हाडावर सगळा भार येत नाही. दुसरी उशी गुडघ्यांच्या मध्ये, आणि तिसरी पोटऱ्यांखाली अशी की टाचा गादीला न टेकता अधांतरी राहतील. लुळा हात अंगाखाली दबलेला नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहायचे, आणि तो हात किंवा काख धरून माणसाला कधीही वर ओढायचे नाही. पक्षाघातानंतर त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि एका हिसक्यात सांधा निखळू शकतो. ही चूक प्रेमापोटी होते. उठून बसायला मदत करायची म्हणून आपण सहज हात पुढे करतो आणि त्यांचा हात धरतो.

कूस बदलताना माकडहाड, खुबे आणि टाचा यांवर नजर टाकावी. लालसर डाग दिसला तर त्यावर बोटाने हलकेच दाबून पाहावे. बोट उचलताना तो क्षणभर फिकट झाला तर दाब नुकताच पडलेला आहे, आणि लालीच राहिली तर इजा सुरू झाली आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसेलच असे नाही, तिथे भोवतालपेक्षा काळसर, गरम किंवा घट्ट लागणारी जागा शोधावी. अशा जागेला चोळू नये, कारण चोळल्याने आतली इजा वाढते. त्या बाजूवर पुन्हा न निजवता मैत्रिणीला सांगावे. अंथरुणावर एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलणे चुकत नाही, आणि वीज गेली तर तिचा पंप थांबतो हे लक्षात ठेवून गादी हाताने चाचपून पाहावी.

भरवणे हा माझ्या दृष्टीने या साऱ्यातला सर्वांत नाजूक भाग. पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया मंदावलेली असू शकते, आणि घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेला तर पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. नवख्याला वाटते की पातळ ते सोपे, परंतु साधे पाणी गिळणे अशा रुग्णाला बहुधा सर्वांत अवघड असते, कारण ते घशात फार वेगाने उतरते. काकूंना म्हणूनच नाचणीची दाटसर खीर चालते, मऊ कालवलेला भात चालतो, आणि पाण्यात डॉक्टरांनी सांगितलेली घट्ट करायची पावडर ठरलेल्या प्रमाणात घालावी लागते. तुमच्या मैत्रिणीच्या घरी प्रमाण निराळे असेल. ते तिने डॉक्टरांकडून घेतलेले असते आणि तुम्ही त्यात बदल करायचा नसतो, काकूंनी साध्या पाण्यासाठी विनवले तरीही. मला एकदा त्यांनी डाव्या हाताने तसे विनवले, आणि नाही म्हणणे फार जड गेले.

भरवताना पाठ सरळ करून बसवावे, मान मागे झुकू देऊ नये, आणि आपणही त्यांच्या नजरेच्या पातळीला बसावे. उभे राहून भरवले की रुग्ण वर पाहतो आणि श्वासनलिकेची वाट उघडी पडते. चहाच्या चमच्याने अर्धा चमचा घ्यावा, तो चांगल्या बाजूच्या गालाकडे ठेवावा, गळ्याची हालचाल होऊन घास उतरल्याचे दिसेपर्यंत दुसरा चमचा उचलू नये. ठसका लागणे ही धोक्याची खूण सर्वांना माहीत असते, परंतु घास गेल्यावर आवाज ओलसर, घरघरीत होणे हीसुद्धा तशीच खूण आहे, आणि ठसका न लागताही ती येऊ शकते. असे झाले की भरवणे थांबवावे. खाणे संपल्यावर लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठून राहिले नाही ना हे पाहावे, तोंड पुसून घ्यावे, आणि निदान अर्धा तास त्यांना बसलेलेच ठेवावे. मी पहिल्यांदा भरवले तेव्हा छोट्या वाटीभर खिरीला चाळीस मिनिटे लागली. मैत्रीण म्हणाली, «मलाही तेवढीच लागतात.» त्या दिवशी मला तिचा दिवस कुठे जातो ते कळले.

बोलण्याबाबत एवढेच सांगते की ज्यांची वाचा गेली आहे त्यांची समजही गेली आहे असे धरून चालू नये, आणि त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी तिसऱ्या माणसासारखे बोलू नये. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, त्याचे उत्तर हो किंवा नाही असे देता यावे, आणि उत्तरासाठी आपल्याला लांबलचक वाटेल इतका वेळ थांबावे. काकू हो म्हणायला डावा अंगठा उचलतात. दूरदर्शनवरच्या जुन्या नाट्यगीतांना मात्र त्या तालात बोटे हलवतात, आणि अधूनमधून त्यांतला एखादा शब्द स्पष्ट उमटतो, जो बोलताना येत नाही.

एक पान, कपाटाच्या दाराला

दुसऱ्या भेटीत मैत्रिणीला सांगायला लावून सगळे तुमच्या हाताने लिहून घ्या. तिने लिहून द्यावे अशी अपेक्षा ठेवू नका. ते तिला आणखी एक काम होईल. आमच्या पानावर सुरुवातीला काकूंचे आजार आणि चालू औषधांची नावे होती, कारण रुग्णवाहिकेतला डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतो. त्यानंतर दुपारचा क्रम होता. दीडला डाव्या कुशीवर. साडेतीनला कूस बदलणे आणि डायपर पाहणे. चारला बसवून खीर. सव्वापाचपर्यंत बसलेल्या. त्यानंतर पुन्हा निजवणे. शेवटी फोन नंबर: मैत्रीण, शेजारच्या वहिनी, नेहमीचे डॉक्टर आणि १०८.

त्याच पानावर मी तिच्याकडून एक ओळ ठरवून घेतली, आणि प्रत्येक नवख्याने ती ठरवून घ्यावी असे मला मनापासून वाटते: तिला फोन कधी करायचा आणि कधी नाही. खीर अर्धीच खाल्ली, डायपर दोनदा बदलावे लागले, काकू रडल्या, यांसाठी फोन करायचा नाही, संध्याकाळी सांगायचे. ताप, थांबत नसलेला ठसका, पडणे, श्वास लागणे किंवा हाक मारूनही डोळे न उघडणे यांसाठी लगेच. चेहरा नव्याने वाकडा होणे, चांगल्या बाजूचा हात लुळा पडणे, असे दुसऱ्या झटक्याचे काही दिसले तर आधी १०८ आणि मग तिला, आणि काकू शेवटच्या ठीक दिसल्या त्या क्षणाची वेळ लिहून ठेवायची. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून रुग्णालयात ही वेळ विचारली जाते. पूर्वी झटका येऊन गेलेल्या रुग्णात नवे काय आणि जुने काय हे परक्याला कळत नाही. यासाठी काकू हसताना चेहरा कुठे कसा ओढला जातो, हे मी पहिल्याच भेटीत नीट पाहून ठेवले होते.

ती बाहेर गेली पाहिजे

तिसऱ्या बुधवारी मैत्रिणीने दोन वाजता चप्पल घातली, सव्वादोनला काढली, आणि कपाट आवरायला बसली. हे जवळजवळ प्रत्येक घरी होते. तिला ढकलू नये, परंतु सूट मात्र मोजून द्यावी. त्या दिवशी आम्ही ठरवले की तिने फक्त तासभर जायचे, आणि जायची जागाही ठरवली: वंडर्स पार्कपर्यंत चालत आणि परत. दर वीस मिनिटांनी मी न मागता एक ओळीचा संदेश पाठवला, «झोपल्या आहेत», «जाग्या आहेत, गाणे ऐकत आहेत». पुढच्या आठवड्यात दोन तास आणि दोनच संदेश. पाचव्या बुधवारी ती चार तास गेली आणि संदेश मागितला नाही. काकूंनाही या चढत्या मापाचा उपयोग झाला. पहिल्या दिवशी लेक दाराबाहेर गेल्यावर त्या अस्वस्थ झाल्या होत्या, पण ती ठरल्या वेळी परतते हे दोनदा पाहिल्यावर शांत राहू लागल्या.

त्या चार तासांत तिने काय करावे, हे तुम्ही ठरवू नये. मला वाटत होते की ती वाशीला नाटकाला जाईल. ती एका मैत्रिणीच्या रिकाम्या घरी जाऊन तीन तास झोपली. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायला उठणाऱ्या माणसाला आधी झोप लागते. नाटकाची आठवण त्यानंतर, आमच्या बाबतीत नवव्या बुधवारी, झाली. परत आल्यावर तिला लगेच सगळा अहवाल देत बसू नये. पानावर लिहून ठेवावा: किती खाल्ले, कूस कधी बदलली, लघवी-शौच काय झाले, त्वचेवर काही दिसले का. ओट्यावर भांडी ठेवून निघू नये, आणि तिने चहा करायला घेतला तर तो आपणच करावा.

काय स्वीकारू नये

नाकातून नळी घालून अन्न दिले जात असेल, गळ्याला छिद्र असून कफ ओढावा लागत असेल, किंवा त्या वेळेत इन्सुलिन द्यायचे असेल, तर ही कामे अंगावर घेऊ नयेत, शिकवली तरी. अशा घरी भेटीचे स्वरूप बदलावे: चारपाच मित्रमैत्रिणींनी मिळून नर्सिंग ब्युरोकडून प्रशिक्षित नर्सच्या काही पाळ्यांचे पैसे भरावेत आणि पहिल्या पाळीला तुमच्यापैकी कोणीतरी हजर राहावे, म्हणजे नव्या माणसाला सगळे समजावण्यात मैत्रिणीची सुटका वाया जात नाही. ब्युरोशी बोलताना नर्स हवी की फक्त आया, हे स्पष्ट सांगावे. आया स्वच्छता आणि भरवणे पाहतात, नळी आणि इंजेक्शन त्यांचे काम नाही. रुग्ण मित्राचे वडील असतील आणि डायपर बदलायचे असेल, तर त्यांना बाईच्या हातून ते चालेल का हे आधी त्यांनाच विचारावे. नाही म्हणाले तर पुरुष मित्राने बसावे. वजन जास्त असून एकट्याने कूस बदलणे जमत नसेल तर दोघांनी जावे. आणि साधे सर्दीपडसे झाले असले तरी त्या दिवशी जाऊ नये, राखीव माणसाला पाठवावे.

मध्येच दवाखाना आला तर

सातव्या बुधवारच्या आधी काकूंच्या छातीत संसर्ग होऊन त्यांना दाखल करावे लागले. मैत्रिणीने फोन करून सांगितले की आता बुधवार रद्द. ते रद्द करू देऊ नका. रुग्णालयात नातेवाइकाच्या एका पासवर एकच माणूस थांबू शकतो, त्यामुळे तिथे ती घरापेक्षाही अधिक अडकते. खुर्चीवर रात्र काढते, अंघोळ राहते, आणि डॉक्टर कधी येतील या धास्तीने खाली चहालासुद्धा जात नाही. मी सातव्या आणि आठव्या बुधवारी तो पास घेऊन काकूंच्या पलंगाजवळ बसले. तिने तिच्या वहीत डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न लिहून ठेवले होते, ते मी विचारले आणि उत्तरे त्याच वहीत तारीख-वेळेसह उतरवली. घरचे पान मी सोबत नेले होते. काकू हो म्हणायला डावा अंगठा उचलतात, हे तिथल्या सिस्टरना त्यावरूनच कळले. मैत्रीण दुपारी घरी गेली, न्हाली, जेवली, आणि गजर लावून झोपली. पाच वाजता ती परत आली तेव्हा तिचे केस अजून ओले होते, आणि काकूंनी तिला पाहून अंगठा उचलला.